पंचवीसचा कोपरा

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि नाशिकच्या आम्हा गणित शिक्षकांना फळा मोबाइलच्या पडद्यावर न्यावा लागला. तेव्हा अॅनिमेशनच्या पाठासाठी दहावीच्या वर्गसमीकरणांतली पूर्ण वर्ग पद्धत निवडली. तो पाठ पुढची काही वर्षं बदलत राहिला.

निवडीला कारण होतं. देवळालीत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची ६१७४ ही संख्या दाखवायला कागद आणि वजाबाकी पुरते. पूर्ण वर्गात मात्र तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायचा असतो, आणि ते खडूला जमत नाही.

उदाहरण घेतलं नवव्या शतकातल्या बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीचं: x² + १०x = ३९. सुरुवातीच्या आराखड्यात पडद्यावरचा लिहिणारा हात पुस्तकाच्याच क्रमाने जायचा: x च्या सहगुणकाची निमपट, तिचा वर्ग, दोन्ही बाजूंना मिळवा. मुलं हे पाठ करायची आणि परीक्षेत २५ ऐवजी १०० मिळवायची.

मग आधी चित्र आलं. x बाजूचा चौरस, शेजारी १० रुंदीची पट्टी. पट्टी मधोमध कापली जाते. ५ रुंदीचा एक तुकडा उजवीकडे राहतो, दुसरा सरकत खाली येऊन चिकटतो. आकृती जवळजवळ चौरस होते, फक्त कोपरा उरतो. इथे निवेदन मुद्दाम थांबतं. आवाज आधी ध्वनिमुद्रित करून चित्र त्यावर बसवत असल्याने ही शांतता संहितेतच लिहावी लागते. कोपरा ५ × ५ चा आहे हे मुलांनी बोलायच्या आत हाताने २५ लिहिला, तर पाठाचा जीवच जातो. त्यानंतर २५ दोन्हीकडे येतात: ३९ + २५ = ६४, बाजू x + ५ = ८, म्हणून x = ३.

खरी अडचण मापाची होती. x तीन एककांचाच काढला तर हुशार पोरं पडद्यावर पट्टी लावून उत्तर सांगतात. म्हणून आता चौरस सुरुवातीला लहान-मोठा होत राहतो आणि ३ मिळाल्यावरच आपल्या मापाला येतो. अॅनिमेशनचा खरा उपयोग मला इथे दिसतो. लिहिणारा हात ही नुसती करमणूक.

चित्राची मर्यादाही पाठात ठेवली. बाजू ऋण नसते, त्यामुळे अल्-ख्वारिझ्मी ३ वर थांबला. आपल्याला दोन्ही मुळं हवीत. म्हणून शेवटी आकृती पुसली जाते, (x + ५)² = ६४ उरतं, ८ खाली −८ लिहिला जातो आणि x = −१३ मिळतं.

समजलं का, हे तपासायला x² + ८x = ३३ देतो. १६ मिळवणाऱ्याला कोपरा दिसला. ६४ मिळवणाऱ्याला नाही.

सध्या x² − ६x = ७ चा आराखडा चालू आहे. तिथे चौरसातून ३ रुंदीच्या दोन पट्ट्या काढायच्या आहेत, आणि त्यांचा सामाईक कोपरा दोनदा वजा होतो. ते ९ परत करताना हात कुठून आत आणायचा, यावर अजून वाद आहे.