दोरीवरच्या उड्या आणि पायांची चपळाई
बॉक्सर सरावात दोरीवरच्या उड्या बहुधा फेरीच्या हिशेबाने मारतो: 3 मिनिटे उड्या, 1 मिनिट विश्रांती. चवड्यांवर राहून वजन या पायावरून त्या पायावर नेण्याची सवय रिंगणात सरकताना उपयोगी पडते. फुटबॉलपटूला पाय झटपट उचलण्याचा आणि पोटऱ्या, घोटे बळकट होण्याचा फायदा मिळतो. मात्र दिशा बदलण्याचा सराव त्याला वेगळाच करावा लागतो.

दोरीच्या मध्यावर पाय ठेवला की मुठी काखेपर्यंत याव्यात. दोरी खांद्यांनी नव्हे, मनगटांनी फिरवायची आणि उडी जेमतेम इंचभर. पाय धपधप वाजू लागले, तर उडी उंच जाते आहे किंवा टाचा टेकताहेत असे समजावे.

नवशिक्याने पहिले दोन आठवडे एक दिवसाआड 20 सेकंद उड्या आणि 40 सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या कराव्यात. दोरी अडकेनाशी झाली की 30-30 सेकंद. मग जागच्या जागी धावल्यासारखे पाय आलटूनपालटून. एकाच पायावरच्या उड्या सर्वांत शेवटी. नडगीच्या हाडावर दुखू लागल्यास उड्या थांबवाव्यात. सिमेंटच्या जमिनीवर हा त्रास लवकर होतो.