फ्रीझरमधले सेल आणि उन्हातले सेल

उतरलेले सेल रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले की पुन्हा चालू लागतात, असं सांगणारे बरेच जण भेटतात. घरातली आजी मात्र सांगते की सेल उन्हात ठेवायचे असतात. एक उपाय गारठ्याचा, दुसरा उन्हाचा, आणि दोन्हींच्या बाजूने ‘आमच्याकडे चालले होते’ ही साक्ष. आमच्या शेजारच्या घरात अकरावीतला नातू आणि त्याची आजी यांची यावरून चांगलीच जुंपली. पण दोघांनी ते नुसत्या वादावर सोडलं नाही, तपासून पाहिलं. त्यांची तपासण्याची रीत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

नातवाच्या हातात धाकट्या बहिणीच्या खेळण्यातल्या गाडीचे चार पेन्सिल सेल होते. चारही अल्कलाइन, एकाच पाकिटातले आणि एकदमच उतरलेले.

“चारही फ्रीझरमध्ये टाकतो. उद्या बघ तू, आजी.”

“चारही टाकलेस तर कळणार काय? दोन टाक, दोन खणात ठेव. उद्या खणातलेही चालले तर मग?”

आजीचा हा प्रश्न सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी जातो. फ्रीझरचा उपाय करणारा माणूस नकळत दोन गोष्टी एकदम करतो. तो सेल गार करतो, आणि त्याच वेळी त्याला रात्रभर विश्रांतीही देतो. सकाळी गाडी दोन पावलं पळाली, तर श्रेय दोघांपैकी कुणाचं?

सेल ठेवण्याआधी नातवाने मल्टिमीटर काढला. नुसता सेल मोजला तर काटा फसवतो, हे त्याला प्रयोगशाळेत शिकवलं होतं. उतरलेला सेलही काही काम नसताना बरा आकडा दाखवतो आणि काम पडलं की कोसळतो. म्हणून त्याने सेलच्या दोन टोकांमध्ये 10 ओहमचा रेझिस्टर लावला, म्हणजे सेलला थोडं ओझं दिलं, आणि ते ओझं असतानाच व्होल्टेज पाहिलं. नव्या सेलला असं मोजलं तर दीड व्होल्टच्या आसपास येतं. या चारही सेलचं ०.९च्या आसपास आलं. मग दोन सेल झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये गेले, दोन टेबलाच्या खणात.

दुसऱ्या दिवशी खणातले सेल आधी मोजले. ओझ्याविना 1.3 व्होल्ट. आदल्या दिवशी मेलेले सेल! गाडीत घातले तर गाडीही पळाली. थोड्याच वेळात मंदावली आणि थांबली. फ्रीझरमधले सेल थेट काढून रेझिस्टरवर लावले, तर ते खणातल्यांपेक्षाही कमी भरले. पिशवी न उघडता ते खोलीत ठेवले, दुपारी पुन्हा मोजले, तेव्हा खणातल्या सेलइतकेच झाले. जास्त नाही, कमी नाही. गाडीही तितकीच पळाली.

“म्हणजे फ्रीझरने काहीच केलं नाही,” नातू म्हणाला.

“केलं ना. दुपारपर्यंत थांबायला लावलं.”

सेल विश्रांतीने सावरतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. सेलच्या आत एका बाजूला जस्त असतं, दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी, आणि मध्ये ओलसर क्षार. वीज खेचली जाते तेव्हा जिथे क्रिया चालते त्या जागेजवळचा माल झपाट्याने संपतो, आणि लांबचा माल तिथवर सरकायला वेळ लागतो. वापर थांबला की तो हळूहळू पसरतो, व्होल्टेज वर चढतं. आजीने हे ऐकलं आणि लगेच म्हणाली, “विहिरीसारखंच की. मोटार लावून उपसली की तळ दिसतो, तासाभराने कमरेएवढं पाणी चढतं. म्हणून काही पाऊस पडला असं नाही.”

यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही. सेलमधून वीज निघते तसं जस्ताचं जस्त-ऑक्साइड होत जातं. ते उलटं फिरवायचं तर बाहेरून वीज घालावी लागते. फ्रीझर तर सेलमधून उष्णता काढून घेतो, आत काही घालत नाही. गारठ्याने आतल्या क्रिया मंदावतात, म्हणूनच गार सेल ओझ्याखाली आणखी कमी भरला.

पण मग फ्रीजचं नाव झालं कसं? त्यातही खोटेपणा नाही, फक्त काळ बदलला आहे. क्रिया मंदावतात, तशी सेलची आपोआप होणारी झीजही गारव्यात मंदावते. सेल पडून राहिला तरी थोडा थोडा उतरत असतो. जुन्या जस्त-कार्बन सेलमध्ये ही झीज मोठी होती, शिवाय ते वाळतही. नंतर आलेले निकेल-मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सेल तर महिनाभर ठेवले की पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त गमावून बसत. असे भरलेले सेल फ्रीजमध्ये ठेवणाऱ्याला खरोखर फायदा व्हायचा. 2005च्या सुमारास कमी झिजणारे चार्जेबल सेल बाजारात आले, आणि आजचा अल्कलाइन सेल खोलीच्या तापमानाला वर्षाला साधारण दोन-तीन टक्केच उतरतो. एवढ्यासाठी फ्रीजमध्ये जागा अडवण्यात अर्थ नाही. उलट गार सेल दमट हवेत काढला की त्यावर दव जमतं, ते टोकांवर आणि सांध्यांत शिरतं, आणि गंज धरतो. कोकणात पावसाळ्यात हे व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा गारवा जपतो, पण मेलेल्याला उठवत नाही, आणि जपण्यासाठीही आता त्याची गरज उरलेली नाही. उन्हाळ्यात 45 अंशांना भिडणाऱ्या विदर्भात सेल पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नयेत, सावलीतल्या कपाटात ठेवावेत, एवढी काळजी पुरते.

आता आजीचं ऊन. तिचा अनुभव ट्रान्झिस्टरच्या काळातला, मोठ्या जस्त-कार्बन सेलचा. “बातम्यांच्या आधी सेल काढून अंगणात उन्हात ठेवायचो. संध्याकाळी बातम्या नीट ऐकू यायच्या. हे मी कानाने ऐकलंय.”

तिने बरोबर ऐकलं होतं. ऊब मिळाली की क्षारातले कण चपळ होतात, सेलचा आतला अडथळा कमी होतो, आणि उरलेली वीज सहज बाहेर पडते. त्यात दिवसभराची विश्रांती मिळायची ती वेगळीच. जस्त-कार्बन सेलला विश्रांतीची गरज जास्त असते. त्याच्या मधल्या कार्बनच्या कांडीभोवती क्रियेतून तयार होणारे पदार्थ साचतात आणि पुढची वाट अडवतात. थोडा वेळ मिळाला की ते विरतात. म्हणजे आजीचं ऊन आणि नातवाचा फ्रीझर या दोघांनाही खरी मदत विश्रांतीचीच झाली. फरक इतकाच की उन्हाने तिला थोडा हात दिला, फ्रीझरने अडवलं. मात्र उन्हानेही नवं जस्त येत नाही. त्याच बातम्या आठवडाभर ऐकायला मिळाल्या, असं आजीही म्हणत नाही. आणि ऊन म्हणजे कोवळी ऊबच. चुलीजवळ, तव्यावर किंवा उकळत्या पाण्यात सेल तापवला, तर बंद डबीत दाब वाढून तो फुटतो.

दगडाने ठेचणं किंवा दाताने चावणं हेही पुष्कळांनी केलेलं आहे. त्यात तथ्याचा कण आहे. दाबल्याने आतली भुकटी एकमेकींना घट्ट चिकटते आणि काही मिनिटं सेल चालतो. पण जस्त-कार्बन सेलची जस्ताची डबी हीच त्याची भिंत, आणि वापरता वापरता तीच खाल्ली जाते. उतरलेल्या सेलची भिंत आधीच पातळ झालेली असते. ती ठेचली की आतला क्षार बाहेर. अल्कलाइन सेलमध्ये तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते तोंडात किंवा डोळ्यात गेलं तर भाजतं. हा उपाय आजीनेही मुलांना कधी करू दिला नव्हता.

नातवाने आणखी एक चाचणी दाखवली. सेल टेबलावर थोड्या उंचीवरून सरळ उभा सोडायचा. नवा सेल धप्पकन बसतो, जुना टुणकन उडतो. अल्कलाइन सेलपुरतं हे खरं आहे. त्याच्या पोटात जस्ताची पूड लगद्यासारखी असते आणि ती धक्का पचवते. वीज निघत जाते तसं ऑक्साइड तयार होऊन कणांना एकमेकांशी जोडतं, लगदा घट्ट होतो, आणि सेल उसळतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात 2015 साली हे मोजून पाहिलं गेलं. उसळी वाढत जाते, पण सेल साधारण निम्मा उतरला की ती वाढायची थांबते. म्हणून उसळणारा सेल नवा नाही एवढंच कळतं. तो मेलेला असेल किंवा निम्मा भरलेलाही.

“म्हणजे उसळला म्हणून फेकायचा नाही,” आजी म्हणाली. तिने रिमोटमधला सेल सोडून पाहिला, तो जस्त-कार्बनचा होता. त्यात जस्त लगद्यात नसून डबीत असतं, त्यामुळे ही चाचणी त्याला लागूच होत नाही.

नातवाच्या डोक्यात पुढचा विचार होता जुन्या मोबाइलच्या बॅटरीचा. तीही गोठवून बघावी का? इथे मात्र ‘करून बघू’ म्हणायचं नाही. लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. शून्य अंशाखाली ते वेळेत शिरू शकत नाहीत, आणि पृष्ठभागावरच धातू होऊन जमतात. ही हानी भरून येत नाही, आणि साठलेला धातू पुढे आतल्या आत शॉर्ट करू शकतो. म्हणून गोठलेली बॅटरी चार्जरला लावणं धोक्याचं. आणि बॅटरी फुगलेली असेल तर तिला टोचू नये, दाबू नये, चार्जही करू नये. ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावी.

राहिले ते चार सेल. आजीने त्यातला एक उचलला आणि भिंतीवरच्या घड्याळात घातला. काटा लगेच फिरू लागला. गाडीच्या मोटरला एका वेळी जितकी वीज लागते, तिच्या शेकडो पट कमी घड्याळाला लागते, म्हणून गाडीसाठी मेलेला सेल घड्याळ महिनोन् महिने चालवतो.

“सेकंदकाटा नऊच्या आकड्याजवळ जागच्या जागी उड्या मारायला लागला की काढायचा,” ती म्हणाली.

तिथून काट्याला वर चढायचं असतं, त्यामुळे सेलचा थकवा आधी तिथेच दिसतो. त्यानंतर सेल आत राहिला तर पाझरतो आणि पितळी पट्ट्या खातो. अल्कलाइन सेलमधून पांढरी पूड आली असेल, तर हातमोजे घालून ती व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या रसाच्या ओल्या बोळ्याने पुसावी, मग पट्टी कोरडी करून नवा सेल घालावा.