दगडी लोकर: वजन कुठे हवं, जाडी कुठे

रॉकवूल किंवा ग्लासवूल घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती डेन्सिटीचं देऊ?’ २४, ४८, ९६, १४४ असे आकडे समोर येतात. हा आकडा म्हणजे एक घनमीटर मालाचं किलोमधलं वजन. आकडा वाढला की दरही वाढतो, म्हणून जड माल उष्णता जास्त अडवत असणार, असं बहुतेकांना वाटतं. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी बराच पैसा वाया जातो.

रॉकवूल बनतं बेसॉल्टपासून, म्हणजे सह्याद्रीच्या त्याच काळ्या पाषाणाच्या जातीपासून. दगड साधारण १५०० अंशांना वितळवून तो रस वेगाने फिरणाऱ्या चाकांवर सोडतात. चाकांवरून उडालेले थेंब ताणले जाऊन काही मायक्रॉन जाडीचे धागे होतात. काचेचे असेच धागे काढले की ग्लासवूल. पण उष्णता अडवतात ते हे धागे नव्हेत, त्यांच्यामध्ये अडकून स्थिर झालेली हवा अडवते. धागे फार विरळ असले तर हवा आत फिरू लागते आणि उष्णतेचे किरणही धाग्यांना चुकवून पार जातात. धागे फार दाट झाले तर उष्णता धाग्यातून धाग्यात वाहू लागते. सर्वांत फायद्याची जागा या दोन टोकांच्या मध्ये असते. ग्लासवूलची उष्णतावाहकता १२ किलोला साधारण ०.०४ असते, २४ ला ०.०३६ आणि ४८ ला ०.०३३. रॉकवूल ५० ते १०० किलोंच्या पट्ट्यात ०.०३५ च्या आसपास राहतं. १५० च्या पुढे आकडा उलट वाढतो, म्हणजे तेवढ्याच जाडीत तो जड माल किंचित कमी प्रतीचा ठरतो.

याचा अर्थ एका उदाहरणात पाहू. समजा, पुण्यातल्या एका घराच्या पहिल्या मजल्यावर भरतनाट्यमचा वर्ग भरतो आणि वर पत्र्याचं छप्पर आहे. मे महिन्याच्या दुपारी पत्रा ६० अंशांवर गेला आणि खोलीत ३५ अंश आहेत. पत्र्याखाली २४ डेन्सिटीचं ५० मिलिमीटर ग्लासवूल असेल, तर दर चौरस मीटरमधून साधारण १६ वॅट उष्णता आत येईल. त्याच जाडीचा ४८ चा माल लावला तर ती १५ वॅटच्या आसपास येईल. आणि २४ चाच माल १०० मिलिमीटर जाड लावला तर साडेआठ वॅट. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात चौरस मीटरला लागणारं मालाचं वजन अगदी सारखं आहे, २.४ किलो. तेवढ्याच काचेतून निम्म्याच्या जवळपास उष्णता थांबते ती केवळ जाडीमुळे.

म्हणून पत्र्याखाली रोलच योग्य. रोल हा हलका, लवचीक माल. कारखान्यात तो दाबून गुंडाळलेला असतो आणि सोडला की फुगतो. पर्लिनवर जाळी ताणायची, तिच्यावर रोल अंथरायचा, वरून पत्रा. या जागेवर अंगावर भार नाही, त्यामुळे जड माल लागत नाही. कामात चूक होते ती पर्लिनवर. तिथे पत्रा स्क्रूने आवळला की लोकर चेपून काही मिलिमीटरच उरते आणि प्रत्येक पर्लिनच्या रेषेवर उष्णतेची वाट मोकळी होते. तिथे स्पेसर देऊन पत्रा उचलून घ्यावा लागतो. फॉइल खोलीच्या बाजूला, खाली तोंड करून हवा आणि तिचे सांधे टेपने बंद हवेत. निरभ्र रात्री पत्रा आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतो. खोलीतली दमट हवा उघड्या सांध्यांतून वर गेली की पत्र्याच्या पोटाशी पाणी सुटतं आणि लोकर भिजते. फॉइलला पोट सुटलेलं दिसलं किंवा सकाळी सांध्यातून थेंब गळू लागले, तर हेच झालेलं असतं.

आता या वर्गाची आणि शेजारच्या खोलीची जिप्सम बोर्डाची भिंत. इथे रोल उभा टांगला तर काही काळाने स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि वरच्या बाजूला रिकामी फट राहते. आवाज तिथूनच पार जातो. भिंतीला बॅट लागते. ती अर्धवट ताठ असते, आणि स्टडमधल्या अंतरापेक्षा सुमारे दहा मिलिमीटर रुंद कापून दाबून बसवली की स्प्रिंगसारखी स्वतः अडकून राहते. रॉकवूल असेल तर ४८ आणि ग्लासवूल असेल तर २४ पुरेसं. पोकळीतल्या हवेचं कंपन शोषण्यासाठी धाग्यांनी हवेला ठरावीक अडथळा केला की काम होतं, त्याहून दाट माल भरून आवाज फारसा आणखी घटत नाही. उलट ९६ चा ताठ स्लॅब दोन्ही बोर्डांमध्ये घट्ट कोंबला तर तो एका बोर्डाचा धक्का दुसऱ्याला पोहोचवतो.

खरी कसरत आहे ती जमिनीची. खालच्या मजल्यावर पदन्यासाचा दणका पोहोचू नये म्हणून आरसीसी स्लॅबवर लोकरीचा थर, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर ५० मिलिमीटर स्क्रीड अशी तरंगती जमीन करतात. स्क्रीडचं वजन चौरस मीटरला सुमारे १०० किलो. लोकर ही तिच्याखालची स्प्रिंग. या जोडीची स्वतःची एक कंपनसंख्या असते. लोकरीची गतिक ताठरता १० मेगान्यूटन प्रति घनमीटर असेल तर ही संख्या ५० हर्ट्झ येते, ताठरता ४० असेल तर १०० हर्ट्झ. त्या संख्येच्या साधारण १.४ पटीच्या वरचाच आवाज अडतो. पावलांचा धमधमाट बहुतांशी १०० हर्ट्झच्या खालचा, म्हणून स्प्रिंग जितकी मऊ तितकं बरं.

पण फार मऊ लोकरीवर स्क्रीड वाकते आणि तडकते. म्हणून इथे रोल चालत नाही, बॅटही नाही. खास जमिनीसाठीचा स्लॅब लागतो, रॉकवूलमध्ये बहुधा १०० ते १५० किलोंचा. आणि डेन्सिटीपेक्षा त्याच्या पत्रकात दोन गोष्टी पाहायच्या: गतिक ताठरता आणि भाराखाली तो किती मिलिमीटर दबतो. घरातल्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरतात. नाचाच्या वर्गाला त्याहून जास्त धरायला हवा. छपरासाठी बनवलेला १५० चा स्लॅब जमिनीत घातला तर भार तो आरामात पेलेल, पण तो इतका ताठ असतो की दणका तसाच खाली जाईल. सगळं बरोबर निवडूनही स्क्रीडचा ओघळ कागदाच्या सांध्यातून खाली उतरला किंवा कडेला भिंतीला टेकला, तर तेवढाच टेकू काम बिघडवतो. भिंतीकडेने मऊ पट्टी उभी लावतात ती यासाठी. एका विशिष्ट जागी पाऊल पडल्यावरच खाली टणक आवाज येत असेल, तर टेकू तिथे शोधावा.

सपाट गच्चीवर वॉटरप्रूफिंगच्या खाली घालायचा स्लॅब मात्र खरोखर जड हवा. त्यावर माणसं चालतात, टाक्या दुरुस्त करणारे शिड्या टेकवतात. त्याचा वरचा थर मुद्दाम जास्त दाट केलेला मिळतो. दाबशक्ती किलोपास्कलमध्ये लिहिलेली असते, साधारण ३० ते ७०. हा आकडा कमी असला की वर्दळीच्या वाटेवर खळगे पडतात, त्यांत पावसाचं पाणी साचतं आणि वॉटरप्रूफिंग तिथेच आधी फाटतं.

माल आल्यावर तो तराजूवर घालावा. एक मीटर बाय ६०० मिलिमीटरचा ५० मिलिमीटर स्लॅब ४८ डेन्सिटीचा असेल तर त्याचं वजन १.४४ किलो भरायला हवं. सोबत जाडीही मोजावी. ५० चा म्हणून घेतलेला २४ डेन्सिटीचा रोल फुगून ४० वरच थांबला, तर हिशेबाने त्याची डेन्सिटी ३० निघेल आणि माल सरस वाटेल. उष्णता अडवण्याची ताकद मात्र १७-१८ टक्क्यांनी घटलेली असेल. असा रोल तासाभर मोकळा पसरून, हलकेच झटकून पुन्हा मोजावा. तरी तो फुगला नाही, तर परत पाठवावा.