शाळेची फी: एकरकमी की हप्त्याने? आधी आपल्या गल्ल्याचं कॅलेंडर बघा



जून आला की व्हिडिओखाली आणि ट्रेनिंगमध्येही एक प्रश्न हमखास येतो. "सर, शाळेने सांगितलंय की पूर्ण वर्षाची फी एकदम भरली तर पाच टक्के सूट. भरू का?" नोकरी करणाऱ्याला याचं उत्तर सोपं असतं, कारण त्याचा पगार ठरलेल्या तारखेला येतो. आपण दुकानदार. आपला पैसा सीझनला येतो. त्यामुळे आपलं उत्तर वेगळं असू शकतं.

मी स्वतः यात एकदा चुकलोय, म्हणून माझाच हिशोब मांडतो.

माझा जून कसा फसला

माझं दुकान लालबागला. पूजेचं सामान, सजावट, लाइटच्या माळा. वर्षाची खरी कमाई गणपतीच्या आधीच्या तीन आठवड्यांत आणि मग दिवाळीत. जून-जुलै म्हणजे आमचा सगळ्यात कोरडा काळ. पाऊस, गिऱ्हाईक कमी, आणि नेमका तेव्हाच गणपतीचा माल भरायचा असतो.

त्या वर्षी मुलाची फी होती ६०,००० रुपये. एकरकमी भरली तर ५७,०००. नाहीतर १५,००० चे चार हप्ते: जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च. मी म्हटलं, तीन हजार कशाला सोडायचे? जूनमध्ये ५७,००० भरून मोकळा झालो.

जुलैत लोहार चाळीत माळा घ्यायला गेलो तेव्हा हातात रोकड कमी. घाऊक व्यापाऱ्याचे दोन भाव असतात, रोखीचा आणि उधारीचा. मला ४२,००० चा माल उधारीवर घ्यावा लागला आणि त्यावर सहा टक्के जास्त मोजावे लागले. म्हणजे २,५२० रुपये तिथेच गेले. पुढे शेवटच्या आठवड्यात दोन चालणारे आयटम संपले. आणखी १०,००० चा माल उचलला असता तर साधारण ३,००० सुटले असते. पण हात रिकामा, आणि जुनी उधारी असताना व्यापारी नवीन माल देईना.

शाळेत वाचवले ३,०००, बाजारात घालवले ५,५२०. बायको फक्त एवढंच म्हणाली, "सूट कोणी कोणाला दिली मग?"

पाच टक्के म्हणजे खरे किती?

चूक कुठे झाली? मी पाच टक्के हा आकडा बघितला, पण किती पैसे किती दिवस आधी देतोय ते बघितलं नाही.

नीट बघा. जूनचा १५,००० चा हप्ता दोन्ही पर्यायांत द्यायचाच आहे. म्हणजे एकरकमी भरताना जास्तीचे जातात ५७,००० वजा १५,०००, म्हणजे ४२,०००. त्या बदल्यात पुढचे तीन हप्ते, म्हणजे ४५,००० वाचतात. ते हप्ते तीन, सहा आणि नऊ महिन्यांनी द्यायचे होते. सरासरी सहा महिने.

थोडक्यात, ४२,००० रुपये सरासरी सहा महिने आधी दिले आणि ३,००० मिळवले. सहा महिन्यांचे झाले सुमारे सात टक्के, वर्षाचे साधारण चौदा.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे ४२,००० आत्ता कुठे आहेत, आणि तिथे ते वर्षाला चौदा टक्क्यांपेक्षा जास्त कमावतात का?

दादरला ब्लाऊज शिवणाऱ्या एक ताई ट्रेनिंगला येतात. मिस्टरांचा पगार चालू, आणि फीचे पैसे सेव्हिंग खात्यात पडून. तीन टक्के व्याज धरलं तर ४२,००० वर सहा महिन्यांचे होतात ६३० रुपये. शाळा देतेय ३,०००. त्यांना मी म्हटलं, ताई, डोळे झाकून एकरकमी भरा. फक्त आजारपणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लावू नका.

माझे ४२,००० मात्र सीझनच्या मालात फिरणारे होते. जुलैत घातलेला पैसा गणपतीपर्यंत नफ्यासकट परत येतो. तो काढून फीत घालणं म्हणजे चौदा टक्क्यांसाठी त्यापेक्षा जास्त कमावणारा पैसा थांबवणं. आणि क्रेडिट कार्ड फिरवून किंवा महिना दोन-तीन टक्क्याने हातउसने घेऊन एकरकमी भरणार असाल, तर हिशोबच करू नका. महिना तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. तिथे सूट गिळली गेलीच.

पण उलट बाजूने स्वतःला फसवूही नका. "माझा पैसा धंद्यात फिरतो" असं आपण सगळेच म्हणतो. मागच्या वर्षीचा माल अजून माळ्यावर पडला असेल, तर तो पैसा फिरत नाहीये. मग हप्ते घेऊन हातात राहिलेली रोकड घरखर्चातच विरघळते.

हप्ता कोणाचा, ते विचारा

हप्ते दोन प्रकारचे असतात. एक शाळेचा स्वतःचा: उशीर झाला तर दंड लागतो, बस्स. दुसरा फायनान्स कंपनीचा: कंपनी शाळेला पूर्ण फी आधीच देते आणि तुम्ही कंपनीला महिन्याला ईएमआय भरता. याला बिनव्याजी म्हणतात, पण कागदावर ते कर्ज असतं. प्रोसेसिंग फी आहे का ते बघा, आणि शाळेची एकरकमी सूट त्यात मिळते की नाही तेही विचारा. खात्यात पैसे नसताना ईएमआय बाऊन्स झाला तर बँकेचा चार्ज वेगळा, आणि नोंद सिबिलला जाऊ शकते. उद्या मुद्रा लोनसाठी बँकेत जाल तेव्हा तीच नोंद समोर येईल. ज्याचा गल्ला दर महिन्याला सारखा नाही, त्याने शाळेचाच हप्ता आधी मागावा.

सूट पूर्ण रकमेवर आहे की फक्त ट्यूशन फीवर, हेही ऑफिसमध्ये विचारून घ्या. बस, पुस्तकं, युनिफॉर्म बहुतेक वेळा त्यात धरलेले नसतात.

इन्कम टॅक्सचंही बरेच जण विचारतात. जुन्या कररचनेत दोन मुलांपर्यंत ट्यूशन फीची वजावट दीड लाखाच्या एकूण मर्यादेत मिळते, नव्या रचनेत मिळत नाही. जून ते मार्चचे चारही हप्ते एकाच आर्थिक वर्षात पडतात, त्यामुळे एकरकमी भरा की हप्त्याने, फरक पडत नाही. फक्त मार्चचा हप्ता ३१ तारखेच्या पुढे ढकलू नका, नाहीतर तो पुढच्या वर्षात जातो.

शाळा इंग्रजी कॅलेंडरवर, धंदा पंचांगावर

हप्ते घेतले म्हणजे काम संपलं का? नाही. खरी गोची तारखेची आहे.

समजा दुसरा हप्ता दरवर्षी १० सप्टेंबरला आहे. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. म्हणजे १० सप्टेंबरपर्यंत सीझन उरकलेला, गल्ला भरलेला, व्यापाऱ्याचे पैसे दिलेले. हप्ता आरामात गेला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून गणपती १४ सप्टेंबरला, सोमवारी. आमच्याकडे सगळ्यात मोठा गल्ला शेवटच्या शनिवार-रविवारी होतो. ते आले १२ आणि १३ तारखेला. हप्त्याची तारीख त्याच्या दोन दिवस आधीची, गुरुवारी! तोच हप्ता, तीच रक्कम, पण आता सगळा पैसा मालात अडकलेला. दिवाळीचंही तसंच. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, आदल्या वर्षीपेक्षा अडीच आठवड्यांहून जास्त उशिरा.

म्हणून दरवर्षी मे महिन्यात एक काम करा. कालनिर्णय घ्या. निळ्या पेनाने हप्त्यांच्या तारखा लिहा. लाल पेनाने तुमच्या धंद्याचे पैसे हातात येण्याचे दिवस लिहा. विक्रीचे नाही, हातात येण्याचे. ऑर्डरवर काम करत असाल तर बिलाचे पैसे पंधरा दिवसांनी येतात, ते पंधरा दिवस धरा. जिथे निळं लालच्या आधी येतं, तिथे तुम्ही अडकणार. ते सप्टेंबरमध्ये नाही, मे महिन्यात कळायला हवं.

मे महिन्यात कळलं तर दोन गोष्टी करता येतात. पहिली, शाळेला लेखी अर्ज: "दुसरा हप्ता १० ऐवजी २० सप्टेंबरला भरण्याची परवानगी द्यावी." तारीख उलटण्याआधी विचारणाऱ्याला शाळा बऱ्याचदा ऐकते. दंड लागल्यावर गेलात तर नियम दाखवतात. महाराष्ट्राच्या २०११ च्या फी कायद्यानुसार खासगी शाळांची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर येते. तिथे आपल्यासारखे धंदेवाले पालक असतील तर तारखेचा विषयही तिथे मांडता येतो.

एक हप्ता पुढे राहा

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फीसाठी वेगळं सेव्हिंग खातं उघडा आणि त्यात कायम एक हप्ता पुढचा ठेवा. माझ्या उदाहरणात १५,०००.

लगेच पूर्ण वर्षाची फी साठवायला जाऊ नका. या वर्षीचे तीन हप्ते, म्हणजे ४५,००० भरत असतानाच पुढच्या जूनसाठी ५७,००० जमवायचे म्हटलं, तर एका वर्षात लाखाच्या वर काढावे लागतात. गल्ला तेवढा सोसत नाही. मग माणूस दोन महिन्यांत सोडून देतो.

१५,००० मात्र जमतात. रोज रात्री गल्ला मोजताना १०० रुपये बाजूला, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर सहा महिन्यांत १५,०००. गणपती संपल्यावर आणि दिवाळीनंतर पाच-पाच हजार एकदम टाकले तर आणखी लवकर. एकदा हा हप्ता पुढे पडला की १० सप्टेंबर गणपतीच्या आधी येवो की नंतर, फी खात्यातून जाते आणि सीझनच्या गल्ल्यातून खातं परत भरतं. मालाला हात लागत नाही.

आज माझं असंच चालू आहे. हप्तेच भरतो, ३,००० ची सूट सोडतो आणि जुलैत लोहार चाळीत रोखीच्या भावाने माल उचलतो. ज्या वर्षी जूनमध्ये माल भरून झाल्यावरही फी खात्यात ५७,००० उरतील, त्या वर्षी एकरकमी भरेन. तोपर्यंत नाही.

आज दुकान बंद केल्यावर शाळेचं फी कार्ड आणि कालनिर्णय शेजारी ठेवा, निळं-लाल पेन घ्या आणि पुढच्या हप्त्याच्या आधी तुमचा लाल दिवस आहे की नाही, तेवढं बघा.