नात आपली, आडनाव वेगळे

मे महिन्याची सुट्टी लागली की नातवंडे आजोळी जायची. आता आजोळच टोरांटोला असते. मामा तिथे नोकरीला, आई-बाबांना रजा नाही, म्हणून पुण्यातले आजी-आजोबाच नऊ वर्षांच्या नातीला घेऊन निघतात. पासपोर्ट तिघांकडे आहेत, व्हिसा तिघांना मिळाला आहे, तिकिटे एकाच बुकिंगवर आहेत. सगळे झाले असे घरात सर्वांना वाटते आणि इथेच एक कागद राहून जातो.

समजा, आजोबा कुलकर्णी आणि नात जोशी. लेकीची मुलगी म्हटल्यावर हे असेच असणार, त्यात आपल्याला काही वेगळे वाटत नाही. पण काउंटरच्या पलीकडे बसलेल्या माणसाला दिसते ते इतकेच: दोन वयस्कर माणसे, सोबत वेगळ्या आडनावाचे लहान मूल, आणि आई-वडील कुठेच नाहीत. घटस्फोटाच्या किंवा ताब्याच्या वादात मुलाला गुपचूप दुसऱ्या देशात नेण्याचे प्रकार जगभर घडतात. म्हणून कॅनडाच्या सीमेवरचे अधिकारी लहान मुलांकडे मुद्दाम लक्ष देतात. त्यांना आजोबांच्या चेहऱ्यावरची माया दिसत असेलही, पण त्यांना कागदच बघावा लागतो.

तेव्हा पहिला प्रश्न नाते सिद्ध करण्याचा. मुलीच्या जन्मदाखल्यावर आई आणि वडील यांची नावे असतात, आजी-आजोबांची नसतात. नातीपासून आजोबांपर्यंत पोचायचे तर मधला दुवा आई. लग्नानंतर तिचे नाव बदललेले असेल, तर आजोबांच्या पासपोर्टशी तिचेही आडनाव जुळत नाही. मात्र आपल्याकडच्या नेहमीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावे छापलेली असतात. लेकीच्या पासपोर्टचे ते पान हीच इथली किल्ली. बरेच लोक फोटोच्या पानाची झेरॉक्स काढतात आणि शेवटचे पान सोडून देतात. दोन्ही पाने घ्यावीत. माहेरचे नाव असलेल्या विवाह नोंदणी दाखल्याची प्रत सोबत जोडली की साखळी पुरी होते: नात, तिची आई, आईचे वडील. मुलाच्या मुलांना घेऊन निघालेल्या आजोबांचे आडनाव जुळते, त्यामुळे त्यांना प्रश्न कमी येतात. लेकीच्या आई-वडिलांनी मात्र ही तयारी टाळू नये.

दुसरा कागद संमतिपत्राचा. नाते कितीही सरळ असले तरी मूल नेण्याचा अधिकार आजी-आजोबांना आपोआप मिळत नाही, तो आई-वडिलांनी द्यावा लागतो. आई-वडिलांशिवाय येणाऱ्या अल्पवयीन मुलाकडे कॅनडाची अपेक्षा अशी असते: स्वतःचा पासपोर्ट, जन्मदाखल्याची प्रत, आणि इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लिहिलेले, आई-वडील दोघांच्या सहीचे पत्र. पत्रात पालकांचा पत्ता व फोन हवा. कॅनडात मुलाची काळजी घेणाऱ्या माणसाचे नाव, पत्ता आणि फोनही हवा; आपल्या उदाहरणात तो मामा. सह्या पडताळता याव्यात म्हणून दोन्ही पालकांच्या सही असलेल्या ओळखपत्रांच्या प्रती जोडायच्या.

पत्र लांबलचक नको. मुलीचे नाव पासपोर्टवर आहे अगदी तसेच लिहायचे, त्यात वडिलांचे नाव मध्ये असेल तर तेही. जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, मग आजी-आजोबांची नावे, त्यांचे पासपोर्ट क्रमांक आणि ‘मॅटर्नल ग्रँडपेरेंट्स’ हे नाते स्पष्ट शब्दांत. जाण्याची तारीख आणि परतीचीही. अनेक पत्रांत परतीचा उल्लेखच नसतो, आणि अधिकाऱ्याच्या मनातला खरा प्रश्न मूल परत जाणार का हाच असतो. एक वाक्य उपचारांसाठी असावे: गरज पडल्यास तातडीच्या वैद्यकीय उपचारांना संमती देण्याचा अधिकार आजी-आजोबांना आहे. विमानतळावर ते कोणी वाचणार नाही, पण हात मोडून इस्पितळात जावे लागले तर तेच वाक्य कामाला येते.

पत्र नोटरी करून घ्यावे. दोन्ही पालकांनी नोटरीसमोर बसून सही करायची. घरून सही केलेला कागद शिक्का मारायला पाठवणे चुकीचे आहे. वडील परदेशी असतील तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर वेगळे पत्र करू शकतात. दोन पत्रे चालतात, एक सही कमी असलेले पत्र अडवते. घटस्फोट झाला असेल तर ताब्याबाबतच्या न्यायालयीन आदेशाची प्रत, जोडीदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला सोबत ठेवावा. मागच्या वर्षीचे पत्र तारखा खोडून वापरू नये. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे.

हे सगळे पहिल्यांदा विचारले जाईल ते बहुधा मुंबईच्या विमानतळावर, विमान कंपनीच्या चेक-इनला. नियमांत न बसणारा प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणावेही लागते, म्हणून तिथला कर्मचारी कागद आधी बघतो. फाइल चेक-इनच्या बॅगेत गेली असेल तर सगळी तयारी वाया जाते. ती हातातल्या पिशवीत ठेवावी. पत्राच्या मूळ प्रती दोन कराव्यात, एक आजीकडे, एक आजोबांकडे.

देश बदलला की नियम बदलतो, आणि व्हिसा लागत नाही म्हणजे पत्रही लागत नाही असे मुळीच नाही. फिलिपिन्सचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. 2025 पासून भारतीय पर्यटक तिथे थोड्या दिवसांसाठी व्हिसाशिवाय जाऊ शकतात. पण 15 वर्षांखालचे परदेशी मूल आई किंवा वडिलांसोबत नसेल आणि त्यांच्याकडे जातही नसेल, तर तिथल्या 1940 च्या इमिग्रेशन कायद्यानुसार त्याला मुळात प्रवेशच नाही. त्यातून सूट घ्यावी लागते, तिचे शुल्क भरावे लागते, आणि पालकांचे शपथपत्र त्या देशाच्या वकिलातीकडून प्रमाणित केलेले किंवा ॲपोस्टिल केलेले असावे लागते. ॲपोस्टिल म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर. नुसत्या नोटरीने तिथे भागत नाही. कॅनडासाठी हा खटाटोप लागत नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरचे अल्पवयीन मुलांचे पान वाचावे. देशांतर्गत विमानाला असे पत्र लागत नाही. मुलाच्या वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला जवळ असला की पुरते.

टोरांटोत अधिकारी कदाचित थेट मुलीलाच विचारेल: हे कोण, आई-बाबा कुठे आहेत, तू कोणाकडे राहणार? तिला उत्तरे पाठ करून घेऊ नयेत, पढवलेले मूल लगेच ओळखू येते. आपण कुठे, कोणाकडे, किती दिवस जातो आहोत एवढे तिला नीट माहीत असले की ती स्वतःच्या शब्दांत सांगते. आजोबांनी तिच्या आधी उत्तर देऊ नये.

शंका उरलीच तर अधिकारी पत्रावरचा क्रमांक फिरवतो. उन्हाळ्यात टोरांटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. विमान तिथे दुपारी तीनला उतरले तर पुण्यात रात्रीचे साडेबारा झालेले असतात. त्या रात्री आई आणि बाबा दोघांनीही फोनचा आवाज चालू ठेवावा, आणि अनोळखी परदेशी क्रमांक दिसला तरी उचलावा.