तिसऱ्या चौकटीत काय घडतं?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी कॉमिक स्ट्रिपचा फोटो टाकतं. चार चौकटी, दोन-तीन पात्रं, डोक्यावर बोलण्याचे फुगे. निम्मे लोक हसण्याच्या खुणा टाकतात आणि उरलेल्यांपैकी एखादा प्रांजळपणे विचारतो, "यात हसण्यासारखं काय आहे?" मला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्याचं उत्तर चित्रातच, बोट ठेवून दाखवता येईल असं असतं. विनोद समजावला की मरतो, असं म्हणतात. चार चौकटींच्या विनोदाबाबत माझा अनुभव वेगळा आहे. तो कसा बांधला आहे हे कळलं, की तो जास्त आवडतो.

उदाहरणासाठी एक खरी पट्टी घेऊ. 2 ऑक्टोबर 1950 रोजी अमेरिकेतल्या सात वर्तमानपत्रांत 'पीनट्स' ही चित्रमालिका सुरू झाली. चित्रकार होते चार्ल्स शुल्झ, वय सत्तावीस. पुढे जवळपास पन्नास वर्षं ते ही मालिका काढत राहिले. चित्रं त्यांची, संवाद त्यांचे आणि फुग्यांतली अक्षरंही त्यांच्याच हातची. त्यातली ही पहिलीच पट्टी. तिचा फोटो इंटरनेटवर सहज सापडतो.

रस्त्याच्या कडेला एक मुलगा आणि एक मुलगी बसली आहेत. मुलगा शर्मी, मुलगी पॅटी. पहिल्या चौकटीत लांबून तिसरा मुलगा येताना दिसतो आणि शर्मी सांगतो, की बघ, चार्ली ब्राऊन येतोय. दुसऱ्या चौकटीत चार्ली ब्राऊन त्यांच्या जवळून जातो आणि शर्मी त्याचं नाव पुन्हा घेतो, जुन्या दोस्ताबद्दल बोलावं तशा आपुलकीनं. तिसऱ्या चौकटीत तो जवळजवळ तीच वाक्यरचना परत उच्चारतो, आपला चार्ली ब्राऊन म्हणून. चौथ्या चौकटीत तो म्हणतो, की या पोराचा मला भयंकर तिटकारा आहे.

बस्स. एवढीच गोष्ट. आता ती उलगडून बघू.

सगळ्यात आधी न बदललेल्या गोष्टी पाहाव्यात. बसण्याची जागा तीच, बसलेली मुलं तीच. शुल्झ यांनी दृश्य जवळजवळ हलवलेलंच नाही. पार्श्वभूमी स्थिर असली, की जे बदलतं ते आपोआप डोळ्यांत भरतं. इथे बदलणाऱ्या गोष्टी दोनच आहेत. एक, चार्ली ब्राऊन किती जवळ आहे. दुसरी, शर्मी काय बोलतो. विनोद या दोन गोष्टींच्या नात्यात आहे. माणूस जवळ असेपर्यंत कौतुक, तो ऐकू येण्यापलीकडे गेला की मनातलं खरं. 'तोंडावर गोड' हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इथे मात्र ते सहा-सात वर्षांच्या दिसणाऱ्या पोराच्या तोंडून येतं आणि तिथेच त्याला धार चढते.

मग तिसरी चौकट कशाला? त्यात नवीन काहीच सांगितलेलं नाही. शर्मी आधीचंच बोलतो. एक प्रयोग करून बघा. फोटोतल्या तिसऱ्या चौकटीवर अंगठा ठेवा आणि उरलेल्या तीनच वाचा. मुलगा येतो, कौतुक होतं, तिटकारा व्यक्त होतो. अर्थ कळतो, पण हसू येत नाही, कारण कौतुक आणि तिटकारा एकमेकांना चिकटले. शर्मी थांबलाच नाही. तिसरी चौकट त्याला थांबायला लावते. समोरचा लांब जाईपर्यंत तोंडातलं गोड वाक्य चालू ठेवायला हवं, म्हणून तो ते परत म्हणतो. आणि तोवर आपणही गाफील होतो. दोनदा आपुलकी ऐकली, की तिसऱ्यांदाही तीच येणार असं मन धरून चालतं. माझ्या मते या पट्टीतली सगळ्यात कसबी चौकट हीच, जिच्याकडे वाचक बघतसुद्धा नाही.

आता फुगे. चारही फुगे शर्मीचे आहेत. फुग्याची शेपूट कोणाकडे वळली आहे ते बघायचं, बोलणारा तोच. चार्ली ब्राऊन एक शब्द बोलत नाही. ज्याच्यामुळे हा सगळा विनोद होतो, तो नुसता येतो आणि जातो. पॅटीही गप्प आहे, पण ती तिथे बसलेली असणं फार महत्त्वाचं. समजा, शर्मी एकटाच असता. मग शेवटचं वाक्य त्याला स्वतःशी म्हणावं लागलं असतं आणि ते विचाराच्या फुग्यात गेलं असतं, म्हणजे ढगासारख्या कडेच्या, छोट्या गोल ठिपक्यांनी डोक्याला जोडलेल्या फुग्यात. मनातल्या मनात कुणाचाही राग येऊ शकतो, त्यात नवल नाही. इथे तो मैत्रिणीला मोठ्यानं सांगतो, म्हणजे गोड बोलण्याचं सोंग फक्त चार्लीपुरतं होतं. ऐकणारं कुणीतरी असल्यामुळे ती चहाडी होते. नुसत्या फुग्याची कड बदलली असती, तरी हा विनोद दुबळा पडला असता. याच मालिकेत 1952 मध्ये स्नूपी या कुत्र्याला विचाराचा फुगा मिळाला आणि त्याचं सगळं व्यक्तिमत्त्व त्यातूनच घडत गेलं. फुग्याचा प्रकार बघितल्याशिवाय पट्टी वाचली असं म्हणू नये.

आणखी एक बारकावा आहे. पहिल्या तीन फुग्यांत चार्ली ब्राऊनचं नाव पूर्ण येतं, तीनदा. चौथ्यात नाव नाही, फक्त सर्वनाम. ही पहिलीच पट्टी असल्यानं त्या दिवशी वर्तमानपत्र उघडणाऱ्याला यातलं कुणीच माहीत नव्हतं. नायकाची ओळख करून देणं भाग होतं. शुल्झ यांनी नाव तीनदा कानावर घालून ती करून दिली आणि वाचकाला वाटलं, हा गावातला लाडका पोरगा दिसतोय. चौथ्या चौकटीत तोच समज कोसळतो. ओळख करून देण्याचं काम आणि विनोदाची पूर्वतयारी दोन्ही एकाच वाक्यानं झाली. चार्लीचा राग का, ते शर्मी सांगत नाही. कारण दिलं असतं, तर ते एका दिवसाचं भांडण झालं असतं. कारण नसलेला तिटकारा पुढच्या कित्येक वर्षांच्या गोष्टींना पुरला.

आज ही पट्टी बघणाऱ्याला चार्ली ब्राऊन आधीच ठाऊक असतो, कायम हरणारा, कुणाला फारसा नको असलेला. त्यामुळे शेवटच्या चौकटीचा धक्का आज कमी बसतो आणि कणव जास्त वाटते. ज्यानं 'पीनट्स' कधी पाहिलेलं नाही, त्याला ही पट्टी 1950 च्या वाचकासारखी भेटते. फोटो पाठवला आणि समोरचा हसला नाही, तर त्याला किती संदर्भ माहीत आहे, हे आधी विचारून घ्यावं.

चौकटी चारच का आणि सारख्याच मापाच्या का, याचं उत्तर व्यवहारात आहे. ही मालिका वर्तमानपत्रांना विकताना ती कमी जागेत बसते, हा तिचा मोठा गुण म्हणून सांगितला गेला. चारही चौकटी सारख्या असल्या, की संपादक त्या आडव्या ओळीत छापू शकतो, एकाखाली एक उभ्या लावू शकतो किंवा दोनावर दोन असा चौकोन करू शकतो. शुल्झ यांना हे बंधन जाचक वाटे, तरी 1988 पर्यंत रोजच्या पट्टीत त्यांनी ते पाळलं. चौकोन केला तर दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीमध्ये ओळ तुटते, डोळ्याला खाली डावीकडे उडी घ्यावी लागते. आपल्या पट्टीत ही उडी नेमकी चार्ली जवळून गेल्यावर येते. तो क्षणभराचा विलंब विनोदाच्या पथ्यावरच पडतो.

फोटो काढताना मात्र हे सगळं बिघडू शकतं. चौकोनी मांडणीचा फोटो कुणी डावी जोडी आधी आणि उजवी नंतर अशी वाचली, तर क्रम एक, तीन, दोन, चार असा होतो. ओळखायची खूण सोपी आहे. एखादा माणूस गेलेला असून पुन्हा समोर दिसू लागला किंवा उत्तर प्रश्नाआधी आलं, तर वाचण्याची दिशा चुकली समजावं. जपानी चार चौकटींच्या पट्ट्यांत हा घोटाळा हमखास होतो. त्या वरून खाली जातात आणि पानावर अशा दोन रांगा शेजारी असल्या, तर उजवीकडची आधी वाचायची असते. एकाच चौकटीत दोन फुगे असतील, तर आपल्याकडे वरचा, डावीकडचा आधी. जपानीत उजवीकडचा.

दुसरं नुकसान कातरण्यानं होतं. फोटो नीटनेटका करताना लोक कडा कापतात आणि त्यात चित्रकाराची सही, बारीक आकड्यांतली तारीख आणि हक्काची ओळ जाते. तारीख गेली, की ही मालिकेतली पहिली पट्टी आहे हेच कळत नाही आणि आपण वर पाहिलेला अर्ध्याहून अधिक अर्थ हातातून जातो. शिवाय मोबाइलच्या पडद्यावर चारही चौकटी एकदम दिसतात. नजर थेट शेवटच्या फुग्यावर जाते, आणि तिटकारा आधी वाचला की कौतुकात खोट दिसूनच येते. म्हणून फोटो मोठा करून एकेक चौकट पडद्यावर आणत वाचावा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' 1991 पासून 'सकाळ'मध्ये वाचत मोठे झालेल्यांची नजर याला तयार असते. मुलानं चौकटीत काय धरलंय, आई कुठे बघतेय, हे ते न सांगता टिपतात.

दिसत नसलेल्या माणसाला किंवा फोनवर एखाद्याला पट्टी सांगायची असेल, तरी हाच क्रम लागतो. आधी कोण कुठे आहे ते, मग काय बोललं ते, आणि त्यानंतर चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय झालं असावं ते. चार्ली ब्राऊनचं चालणं शुल्झ यांनी पूर्ण काढलेलंच नाही. तो एका चौकटीत लांब असतो, पुढच्यात जवळ. मधली पावलं आपण टाकतो. सांगणाऱ्यानं ती पावलं शब्दांत टाकली नाहीत, तर ऐकणाऱ्याला फक्त एका मुलाची दोन तोंडं कळतात, त्यांच्यामधलं वाट बघणं कळत नाही.

ही पद्धत दुसऱ्या दिवशीच्या, 3 ऑक्टोबरच्या पट्टीला लावून बघा. त्यात पॅटी बोलते. छोट्या मुली किती गोड असतात हे सांगणारं बालगीत म्हणत ती रस्त्यानं निघाली आहे. वाटेत चार्ली ब्राऊन भेटतो. ती त्याच्या डोळ्यावर एक गुद्दा हाणते आणि गाणं न थांबवता पुढे जाते. इथेही बोलणं सगळं एकाच पात्राचं आहे, इथेही चार्ली गप्प आहे. आदल्या दिवशी शर्मीचं बोलणं बदललं होतं. पॅटीचं बदलत नाही, आणि या वेळी खोटं काय ते तिचा हात दाखवतो.