डोमेन कोणाच्या नावावर?

गिर्यारोहण क्लबचं संकेतस्थळ बंद पडलंय आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही, अशा वेळी lookup.icann.org वर क्लबचं .org नाव टाकून पाहावं. मालकाचं नाव 2018 पासून तिथे बहुधा झाकलेलं असतं. पण रजिस्ट्रार कंपनी आणि मुदतीची तारीख दिसते.

मग जुन्या खजिनदारांच्या मेलमध्ये त्या कंपनीचं नाव शोधावं. नूतनीकरणाची पावती सापडली, की खातं कोणत्या ईमेलवर आहे याचा माग लागतो. तो ईमेल चालू असेल तर पासवर्ड बदलता येतो. बंद असेल तर रजिस्ट्रार मालकीचे पुरावे मागतो, आणि नोंद एखाद्या सदस्याच्या वैयक्तिक नावावर असेल तर त्याची संमती मिळवणंच भाग पडतं.

स्थितीत redemption period दिसलं, तर त्याच दिवशी रजिस्ट्रारला गाठा: नाव सोडवायला 30 दिवसच असतात, तेही जादा शुल्क भरून.